नानांचा हात का अडखळत होता?

(युवा शिबिरातल्या व्हिडिओ कार्यशाळेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, फिल्मवाला नाही. आज जे सांगणार आहे ते एका नऊ मिनिटांच्या घरगुती फिल्ममुळे शिकलो. ती मी दोनदा बनवली. पहिल्यांदा चुकली, म्हणून दुसऱ्यांदा.

इचलकरंजीत आमच्या नानांचा यंत्रमागाचा छोटा कारखाना होता. नाना गेले, मामूंनी काही वर्षं रेटला आणि शेवटी माग भंगारात द्यायचं ठरलं. माग उचलून न्यायच्या आधी मी दोन दिवस जाऊन मोबाइलवर शूटिंग केलं. घरात २००४ सालची एक मिनी डीव्ही टेपही सापडली. एका लग्नाच्या शूटिंगच्या शेवटी कॅमेरावाल्याने कारखान्यात चक्कर मारली होती आणि त्यात नाना मागावर तुटलेला धागा जोडताना दिसतात. चाळीस सेकंद. नानांचं हलतं चित्र आमच्याकडे तेवढंच आहे. मामूंची मुलाखत मी कॅमेऱ्यावर घेतली आणि एका मामेभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर दोन-तीन क्लिपा पाठवल्या. सगळं एका टाइमलाइनवर टाकलं, संगीत न लावता मागाचाच आवाज ठेवला आणि ईदच्या दुसऱ्या दिवशी घरात दाखवलं.

सगळ्यांना आवडलं. फक्त अम्मी म्हणाली, "अब्बांचा हात असा अडखळत का चालतोय? त्यांचा हात तर मागावर पाण्यासारखा चालायचा."

अम्मीला फ्रेम रेट म्हणजे काय हे माहीत नाही, पण तिने बरोबर पकडलं होतं. आज त्या हाताचीच गोष्ट आहे.

आधी साधा हिशोब बघू. व्हिडिओ म्हणजे एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रं. टेपवर सेकंदाला २५ चित्रं होती, कारण आपल्याकडची टीव्हीची जुनी पद्धत म्हणजे पाल, २५ ची. मोबाइलने सेकंदाला ३० काढली होती. मोबाइलच्या क्लिपा जास्त होत्या म्हणून मी टाइमलाइन ३० ची केली. म्हणजे केली असंही नाही. मी डाविंची रिझॉल्व्ह वापरतो. पहिली क्लिप आत टाकताना प्रकल्पाचा दर त्या क्लिपप्रमाणे बदलू का, असं ते विचारतं. मी न वाचता हो म्हटलं. तिथेच घोळ झाला.

आता नानांच्या २५ चित्रांना सेकंदाच्या ३० जागा भरायच्या आहेत. पाच चित्रं कमी पडतात. सॉफ्टवेअर काय करतं? दर पाच चित्रांमागे एक चित्र दोनदा दाखवतं. म्हणजे हात चालतो, क्षणभर थांबतो, चालतो, थांबतो, असं सेकंदाला पाच वेळा. एक थांबा सेकंदाच्या तिसाव्या भागाचा, इतका छोटा की बोट ठेवून दाखवता येत नाही. पण डोळ्याला खटकतो.

मग टाइमलाइन २५ ची केली तर? तर उलटं होतं. मोबाइलच्या ३० चित्रांतली पाच टाकून द्यावी लागतात, दर सहावं चित्र गायब. मी मागांच्या रांगेसमोरून मोबाइल आडवा फिरवला होता. समजा त्या शॉटमध्ये एक माग पाच सेकंदांत पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जातो. पडदा १९२० पिक्सेल रुंद, पाच सेकंदांची मूळ चित्रं १५०, म्हणजे प्रत्येक चित्रात माग सुमारे १३ पिक्सेल सरकतो. दर सहावं चित्र काढलं की तो चारदा १३ पिक्सेल सरकतो आणि पाचव्यांदा एकदम २६. पुन्हा चारदा १३, पुन्हा २६. आडव्या फिरणाऱ्या शॉटमध्ये हा झटका सगळ्यात वाईट दिसतो, कारण तिथे सगळं चित्रच एकसारख्या गतीने सरकत असतं आणि डोळा ती गती धरून बसलेला असतो. खुर्चीत बसून बोलणाऱ्या माणसात तो बहुधा कळतही नाही.

मग कोणाला झुकतं माप द्यायचं? नेटवर सल्ला मिळतो की ज्या दराच्या क्लिपा जास्त, तो दर घ्या. माझं मत वेगळं आहे. जी क्लिप पुन्हा काढता येत नाही आणि जिच्यातली हालचालच तिचा जीव आहे, तिच्या बाजूने टाइमलाइन ठरवा. बाकीच्यांना तिच्याशी जुळवून घ्यायला लावा, कारण त्यांच्याकडे पळवाटा असतात. नानांच्या हाताला पळवाट नव्हती. म्हणून दुसरी आवृत्ती २५ ची.

या निवडीची किंमतही सांगतो. बहुतेक लॅपटॉप आणि बरेच मोबाइल पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा करतात. ६० ला ३० ने पूर्ण भाग जातो, प्रत्येक चित्र दोनदा दिसतं. ६० ला २५ ने भागलं तर २.४ येतात, म्हणून काही चित्रं दोनदा, काही तीनदा दिसतात. म्हणजे २५ ची फिल्म अशा पडद्यावर थोडी असमान चालणारच, तुम्ही काहीही केलं तरी. हा असमानपणा सेकंदाच्या साठाव्या भागाचा असतो, चित्र दुप्पट झाल्याच्या निम्मा, त्यामुळे बहुतेकांना जाणवत नाही. पण तुमच्याकडे जुनी टेप नसेल, सगळं मोबाइलवरच काढलेलं असेल आणि मोबाइलवरच बघायचं असेल, तर निमूट ३० घ्या. २५ ला चिकटून राहण्यात काही शहाणपण नाही.

आता पळवाटा. पहिली आणि सगळ्यात चांगली पळवाट म्हणजे ज्या क्लिपमध्ये कोणी बोलत नाही, ती थोडी हळू चालवणं. धोटा इकडून तिकडे पळतोय, कांड्यांची टोपली, खिडकीतून येणारा उजेड आणि त्यात उडणारा कापसाचा भुगा, अशा शॉटमध्ये ओठ आणि आवाज जुळवायचे नसतात. मग ३० पैकी चित्रं टाकायची कशाला? सॉफ्टवेअरला सांगायचं की ही क्लिप २५ चीच आहे असं समज. ते सगळी चित्रं जशीच्या तशी, एकामागून एक दाखवतं. दहा सेकंदांची क्लिप बारा सेकंदांची होते, गती ८३ टक्के. एक चित्र गळत नाही, एक दुप्पट होत नाही. रिझॉल्व्हमध्ये क्लिपवर उजवं क्लिक करून `Clip Attributes` मध्ये `Video Frame Rate` २५ करायचा. प्रीमिअरमध्ये हेच काम `Interpret Footage` करतं. मागांच्या रांगेचा तो आडवा शॉट असाच सुधारला, आणि खरं सांगू, थोडा संथ झाल्यावर तो जास्त चांगला वाटला. क्लिपचा स्वतःचा आवाज मात्र ताणला जातो. म्हणून मागाची खटखट मी वेगळ्या क्लिपमधून मूळ गतीने घेऊन खाली लावली.

तुमच्याकडे ६० ने काढलेली क्लिप असेल तर तिच्यावर हेच केल्यावर गती ४२ टक्क्यांच्या आसपास येते. मग ती सरळ स्लो मोशन दिसते. हवी असेल तर ठेवा, नको असेल तर ६० ची क्लिप मूळ गतीने २५ च्या टाइमलाइनवर टाका. तिच्यातही चित्रं असमान गळतात, पण ती मुळात इतकी दाट असतात की झटका निम्माच राहतो.

दुसरी पळवाट म्हणजे पुन्हा शूट करणं. मामूंची मुलाखत मी २५ ने पुन्हा घेतली. मामू म्हणाले, "अरे, तेच तेच किती वेळा बोलू?" पण बोलले, आणि दुसऱ्यांदा जास्त मोकळे बोलले. आयफोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये `Show PAL Formats` चालू केलं की २५ चा पर्याय येतो. अँड्रॉइडच्या मूळ कॅमेऱ्यात तो पुष्कळदा नसतो. ब्लॅकमॅजिक कॅमेरा नावाचं मोफत अ‍ॅप आहे, त्यात मिळतो. तिथेच शटर १/५० ला बांधून टाका. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधी ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा लुकलुकते, आणि १/५० मध्ये प्रत्येक चित्राला बरोबर दोन लुकलुका मिळतात. १/६० ठेवलं तर कारखान्याच्या भिंतीवर उजेडाच्या लाटा फिरताना दिसतात, आणि त्या काढणं महाकठीण.

तिसरी पळवाट शेवटचा उपाय म्हणून. मामूंनी पहिल्या दिवशी ३० वर एक वाक्य असं म्हटलं होतं, जे दुसऱ्यांदा आलं नाही. ओठ हलतायत, म्हणून हळू करता येत नाही. रिझॉल्व्हमध्ये `Retime Process` मध्ये तीन पर्याय आहेत. `Nearest` म्हणजे चित्र सरळ टाकून देणं. `Frame Blend` म्हणजे शेजारची दोन चित्रं एकमेकांवर पसरट मिसळणं. झटका जातो, पण हलत्या गोष्टीला भुतासारखी सावली येते, आणि ज्याला आपण 'ब्लर झालंय' म्हणतो ते पुष्कळदा हेच असतं. `Optical Flow` मध्ये सॉफ्टवेअर प्रत्येक ठिपका कुठून कुठे गेला याचा अंदाज बांधून मधलं नवं चित्र बनवतं. स्थिर भिंतीसमोर बसलेल्या माणसावर ते छान चालतं. मामू बोटं नाचवून बोलतात. तिथे बोटं वितळून एकमेकांना चिकटलेली दिसायला लागली. म्हणून त्या वाक्यासाठी मी `Nearest` च ठेवलं आणि हात जोरात हलतो त्या दीड सेकंदावर मागाचा शॉट टाकला. आवाज मामूंचा, चित्र धोट्याचं. कोणाला कळलं नाही. कात्री हे आपल्या धंद्यातलं सर्वात स्वस्त प्लगइन आहे.

मागावरच्या नानांकडे परत येतो, कारण त्यांची क्लिप फक्त दराने बिघडली नव्हती.

टेप मी एका दुकानातून डिजिटल करून आणली होती. दुकानदाराने '१०८०, फुल एचडी' करून दिली म्हणून मी खूश होतो. पण नीट बघितलं तर हाताच्या कडेला करवतीसारखे आडवे दात होते आणि तेही वितळल्यासारखे. शिवाय नाना रुंद झाले होते. आमचे नाना काडीसारखे होते, आणि खाला म्हणाली की अब्बा लग्नात जेवून जाड झालेले दिसतात.

कारण असं. त्या टेपवरचं प्रत्येक चित्र दोन अर्ध्या चित्रांचं बनलेलं असतं. ५७६ आडव्या रेघांपैकी एकाआड एक रेघा आधी टिपल्या जातात, उरलेल्या सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर. त्या वेळात हात पुढे गेलेला असतो, म्हणून दोन्ही अर्धी एकत्र ठेवली की कडेला दात दिसतात. हे दात काढण्याच्या क्रियेला डीइंटरलेसिंग म्हणतात, आणि ती रेघ न् रेघ जागेवर असतानाच करता येते. दुकानात आधी चित्र मोठं केलं गेलं. ५७६ रेघांच्या १०८० झाल्या, तेव्हा शेजारशेजारच्या रेघा एकमेकींत मिसळल्या. मग कुठली रेघ कुठल्या अर्ध्याची, हे कोणी सांगू शकत नाही. त्या फाइलवर मी दोन रात्री घालवल्या आणि काहीही झालं नाही. होणारच नव्हतं. क्रम एवढाच आहे की आधी दात काढायचे, मग आकार बदलायचा.

नशिबाने टेप घरी होती. ओळखीच्या एकाकडे जुना कॅमकॉर्डर आणि फायरवायर असलेला जुना संगणक होता. तिथून टेपवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवला, ७२० बाय ५७६. मग हा आदेश चालवला:

```
ffmpeg -i nana.avi -vf "bwdif=mode=send_frame,scale=1440:1080:flags=lanczos,setsar=1" -c:v libx264 -crf 14 -pix_fmt yuv420p -c:a aac nana_25p.mp4
```

यात `bwdif` दात काढतं आणि सेकंदाला २५ पूर्ण चित्रं देतं, `scale` त्यानंतर येतं. १४४० बाय १०८० का, १९२० का नाही? टेपवरचं चित्र चारास तीन प्रमाणाचं आहे. ते ताणलं की नाना जाड होतात. म्हणून दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहू द्या. त्या पट्टीत त्याच चित्राची धूसर मोठी प्रत भरायची जी फॅशन आहे, ती मला सहन होत नाही. मागे अजून एक धूसर नाना हलत असतात आणि नजर तिकडे जाते.

चित्र तरीही मऊ दिसणार. ५७६ रेघांमध्ये जे नाही ते १०८० मध्ये आणता येत नाही. मी थोडं शार्पनिंग करून पाहिलं, तर नानांच्या दाढीभोवती पांढरी किनार आली, काढून टाकलं. खरा फरक दुसऱ्याच गोष्टीने पडला. पहिल्या आवृत्तीत टेपच्या आधी मोबाइलचा ४के मधला अतिशय कोरीव शॉट होता, आणि त्याच्या पाठोपाठ आल्यामुळे टेप होती त्याहून जास्त धूसर वाटायची. आता टेपच्या आधी अंधाऱ्या, बंद कारखान्याचा शॉट आहे. डोळ्याला तुलना करायला काही मिळत नाही.

बाकीच्या आकारांबद्दल थोडक्यात. टाइमलाइन १९२० बाय १०८० ची ठेवली. ४के ची क्लिप तिच्यात लहान होऊन बसते, आणि दुपटीपर्यंत जवळ घेतली तरी तिच्यातले खरे पिक्सेल शिल्लक असतात. एक सापळा मात्र प्रीमिअर वापरणाऱ्यांसाठी. `Scale to Frame Size` निवडलं तर क्लिप आधी १०८० ची करून टाकली जाते, नंतर झूम केलं की त्या १०८० लाच मोठं केलं जातं आणि धूसर दिसतं, मूळ क्लिप ४के असूनही. त्याऐवजी `Set to Frame Size` घ्यायचं, नव्या आवृत्तीत त्याला `Fit to Frame` म्हणतात. त्यात फक्त स्केलचा आकडा बदलतो, पिक्सेल टिकतात.

व्हॉट्सअ‍ॅपच्या क्लिपांचं काय? व्हॉट्सअ‍ॅप क्लिप लहान करून आणि दाबून पाठवतं. तिच्यावर मेहनत घेऊ नका, मूळ फाइल मागा. मामेभावाला सांगितलं की गॅलरीतून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव. तीनपैकी दोन मूळ फाइली मिळाल्या. तिसरी फोनबरोबर गेली होती. ती मी पडद्याच्या मध्यभागी लहान ठेवली, पूर्ण पडदाभर ताणली नाही.

मोबाइलच्या क्लिपांची अजून एक खोड आहे. ३० लिहिलेलं असलं तरी ते कायम ३० नसतं. अंधारात मोबाइल प्रत्येक चित्राला जास्त उजेड मिळावा म्हणून दर खाली आणतो, आणि आमचा कारखाना अंधाराच होता. लक्षण असं की क्लिपच्या सुरुवातीला आवाज जुळतो आणि शेवटी ओठांच्या पुढे-मागे जातो. तपासायला:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=r_frame_rate,avg_frame_rate -of default=nw=1 mag.mp4
```

दोन आकडे येतात. ते एकमेकांपासून दूर असतील तर दर बदलता आहे. मग टाइमलाइनवर नेण्याआधी दर एकसारखा करून घ्यायचा:

```
ffmpeg -i mag.mp4 -vf fps=30 -c:v libx264 -crf 16 -c:a copy mag_30.mp4
```

आता तुम्हाला झटका दिसला तर तो खरा आहे की संगणक दमलाय, हे कसं ओळखायचं? मोबाइलच्या आजच्या फाइली उलगडायला जड असतात, आणि एडिट करताना लॅपटॉप धापा टाकतो. म्हणून आधी प्ले थांबवा आणि उजव्या बाणाची कळ दाबत एकेक चित्र पुढे जा. कुठलं चित्र दोनदा येतंय का, किंवा दर पाचव्या पावलाला मोठी उडी पडतेय का, ते मोजा. ठरावीक अंतराने सापडलं तर दराचा घोळ आहे. काहीच सापडलं नाही तर दहा सेकंदांचा तुकडा एक्स्पोर्ट करून बघा. त्यात नीट चालत असेल तर फिल्म ठीक आहे, प्रॉक्सी बनवून काम करा. आणि एक्स्पोर्ट करताना टाइमलाइनचाच दर ठेवा. मी एकदा सगळं नीट करून शेवटी ३० वर एक्स्पोर्ट केलं होतं आणि नानांचा हात पुन्हा अडखळला होता.

दुसरी आवृत्ती अम्मीने मामूंच्या टीव्हीवर पाहिली. चाळीस सेकंद काही बोलली नाही. मग म्हणाली, "धागा ओला करून गाठ मारायचे, बघ." पहिल्या आवृत्तीत ती गाठ दिसलीच नव्हती. बोटं ओठांकडे जाऊन परत येतात ते जेमतेम दहा-बारा चित्रांत होतं, आणि तिथे दातांमुळे नुसता पांढरा डाग होता.

माझ्या लॅपटॉपवर दोन्ही आवृत्त्या आहेत. चहानंतर ज्यांना बघायच्या आहेत त्यांनी पुढे या. आणि कोणाच्या घरी जुन्या टेपा असतील तर त्या दुकानात देताना '७२० बाय ५७६ मध्येच द्या, मोठं करू नका' असं कागदावर लिहून द्या.